एका दिवसाची खोटी उडी

‘तुमचा डेटा चुकीचा आहे’ एवढंच लिहिलं की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: आमच्याकडे सगळं बरोबर दिसतंय. माझ्या पहिल्या ई-मेलचं हेच झालं. दुसरी लिहायला दोन रात्री लागल्या.

माझा छोटा प्रोग्राम रोज एक साधी गोष्ट बघतो: शेअरचा भाव मागच्या 200 दिवसांच्या सरासरीवर आहे की खाली? वर असेल तर ठेवा, खाली आला तर विका. जुने भाव घालून तपासताना रिलायन्सचा विक्रीचा इशारा उशिरा येत होता. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. दोष भावांत निघाला.

19 जुलै 2023 ला एनएसईवर रिलायन्स 2841.85 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी वित्तीय व्यवसाय वेगळा निघाला आणि खास सत्रात भाव ठरला 2580. भागधारकाचं काही बुडालं नव्हतं, 261.85 रुपये नव्या कंपनीच्या शेअरमध्ये गेले होते. ही खोटी घसरण दिसू नये म्हणून त्याआधीचे सगळे भाव 2580 भागिले 2841.85, म्हणजे साधारण 0.9079 ने गुणतात. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस आला, म्हणून ते पुन्हा निम्मे होतात. तेव्हा आजच्या फाइलमध्ये 19 जुलैचा बंद भाव 1290 हवा. माझ्या फाइलमध्ये 1171 होता. 1290 ला आणखी एकदा 0.9079 ने गुणा, नेमका हाच आकडा येतो. गुणक दोनदा लागला होता.

ही चूक लपते कशी, ते बघण्यासारखं आहे. आधीचे सगळेच भाव सारख्या प्रमाणात कमी झाल्याने त्यांच्यातले रोजचे चढउतार टक्क्यांत बरोबरच दिसतात. चुकतो फक्त सांध्याचा दिवस: तिथे दहा टक्क्यांची खोटी उडी. पण सरासरीत ते कमी भाव पुढचे दोनशे दिवस राहतात, सरासरी खाली ओढतात आणि विक्रीचा इशारा लांबतो.

दुसऱ्या ई-मेलमध्ये ‘माझं नुकसान झालं’ हे वाक्य मी गाळलं. त्यावर वाद सुरू झाला असता. मजकूर असा होता:

“फाइल अमुक तारखेला उतरवली. RELIANCE, 19 जुलै 2023, बंद भाव: तुमचा 1171.14, अपेक्षित 1290. एक्सचेंजच्या त्या दिवशीच्या भावकॉपीत 2841.85 आहे. विभाजनाचा गुणक दोनदा लागलेला दिसतो. त्या तारखेआधीच्या प्रत्येक ओळीत हेच आहे का, आणि इतर विभाजनांतही झालंय का, कळवा.”

पाठवण्याआधी त्यांची पद्धतीची टीपही वाचली. काही विक्रेते लाभांशही वजा करतात. तसं असतं, तर माझा 1290 चा आग्रहच चुकला असता.

चौथ्या दिवशी फाइल बदलून आली, कारण न सांगता. जुनी फाइल मी अजून जपून ठेवली आहे.