हंडीत जे नाही, ते वाटीत घ्या

पुलाव असो, खिचडी असो की बिर्याणी, बहुतेक घरांत तोंडीलावणं ठरलेलं असतं: काकडीचं रायतं, कांद्याच्या चकत्या आणि पापड. तिन्ही पदार्थ भाताचे, म्हणून जोडही एकच. पण पोषणाच्या हिशेबात तिन्हींचं उणं वेगवेगळं आहे. पुलावात प्रथिनं कमी पडतात, खिचडीत भाजी नसते आणि बिर्याणीत तूप-तेल भरपूर असतं. म्हणून रायतं किंवा कोशिंबीर निवडताना आधी हंडीत काय नाही ते बघावं.

सगळ्यात फसवा पुलाव. त्यात गाजर, फरसबी, मटार दिसतात, त्यामुळे जेवण परिपूर्ण वाटतं. एका माणसाच्या ताटाचा हिशेब मांडून बघू. 75 ग्रॅम तांदळातून साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात, भाज्यांतून जेमतेम 2. सोबतच्या रायत्यात काकडी जास्त आणि दही दोन-तीन चमचे, म्हणजे आणखी दीड-दोन ग्रॅम. सगळं मिळून 10 ग्रॅमच्या आसपास. 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम आणि 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन जेवणांत वाटली, तर एका वेळेला 15 ते 18 ग्रॅम हवीत.

ही तूट काकडी भरून काढू शकत नाही, कारण तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. त्याऐवजी माणशी एक वाटी घट्ट दह्याचं रायतं करावं, त्यातून 5 ग्रॅम मिळतात. जोडीला 30 ग्रॅम मुगांना मोड आणून, वाफवून, त्यांत कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून कोशिंबीर केली की आणखी 7 ग्रॅम येतात. आता ताट 20 ग्रॅमच्या घरात जातं. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि ते मुगात भरपूर आहे, त्यामुळे भाताच्या प्रथिनांचाही शरीराला जास्त उपयोग होतो.

खिचडीला हा आधार मुळातच मिळालेला आहे. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ या नेहमीच्या प्रमाणात डाळ आपलं काम चोख करते. उणीव आहे ती भाजीची आणि क जीवनसत्त्वाची. डाळीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त शोषलं जातं. म्हणून खिचडीबरोबर गाजराची, कोबीची किंवा मुळ्याची भरपूर कोशिंबीर घ्यावी आणि लिंबू पानावर बसल्यावरच पिळावं, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. कोशिंबिरीत दोन चमचे दाण्याचं कूट घातलं की प्रथिनांतही भर पडते. खिचडीचा खरा धोका पापड-लोणच्यात आहे. दिवसभरात मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावं. खिचडीत मीठ, कढीत मीठ, वर पापड आणि लोणचं, म्हणजे त्यातला मोठा वाटा एकाच जेवणात संपतो. दोन्हींतलं एकच घ्यावं, आणि पापड तळण्याऐवजी भाजावा.

चिकन बिर्याणीचं गणित उलटं आहे. माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम चिकन असेल तर प्रथिनांची चिंता नाही. पण तळलेला कांदा आणि तूप यांमुळे स्निग्धांश आधीच पुरेसा झालेला असतो. तिथे बुंदीचं रायतं म्हणजे तळणावर तळण. हैदराबादी मिरची का सालनही दाणे, तीळ आणि खोबऱ्याच्या वाटणाचं असतं, त्यामुळे ते दोन-तीन चमच्यांवर थांबवावं. बिर्याणीला पातळ, बिनफोडणीचं, पुदिन्याचं रायतं पुरे. भर द्यावा तो कचुंबरावर: कांदा, टोमॅटो, काकडी, मुळा मिळून माणशी मोठी वाटीभर. त्यातलं निम्मं बिर्याणी वाढण्याआधीच खावं. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की भाताने रक्तातली साखर तितक्या वेगाने चढत नाही, आणि मधुमेह असणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो.

करताना एक चूक हमखास होते. काकडीला आधीच मीठ लावतात, पाणी सुटलं की ती पिळतात आणि ते पाणी ओतून देतात. त्या पाण्याबरोबर पोटॅशियम आणि क जीवनसत्त्वही जातं. रायतं पातळ झालं की चव यावी म्हणून पुन्हा मीठ पडतं, ते वेगळंच. काकडी चोचवून दह्यात घालावी आणि मीठ वाढताना लावावं. दह्यावर साचलेली निवळीही टाकू नये, ती कढीत वापरावी.

मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दही, कडधान्यं आणि मीठ यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाकीच्यांनी पुलावाला दही-कडधान्य, खिचडीला भाजी-लिंबू आणि बिर्याणीला कचुंबर एवढं सांभाळलं, तरी याच भाताचं चौरस जेवण होतं.