टॉरच्या बाहेर पडण्याच्या वाटा आणि त्यांच्या याद्या

टपालाच्या पाकिटावर दोन गोष्टी असतात: एक, आत लिहिलेला मजकूर आणि दुसरी, ज्या टपाल कचेरीतून ते पाकीट निघाले तिचा शिक्का. पत्र लिहिणाऱ्याने आपले नाव घातले नाही, तर घेणाऱ्याला शिक्क्यावरून केवळ गावाचा तर्क करता येतो. आता अशी कल्पना करा की, पत्र लिहिणाऱ्याने ते एकात एक अशा तीन पाकिटांत घालून परगावच्या मित्राकडे धाडले. त्याने वरचे पाकीट फाडून आतले दुसऱ्या मित्राकडे पाठविले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने शेवटचे पाकीट उघडून मूळ पत्र आपल्या गावच्या पेटीत टाकले. घेणाऱ्याला शिक्का दिसेल तो या तिसऱ्या गावाचा. टॉर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याचे काम याच रीतीने चालते.

या पद्धतीवरील संशोधनाला अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात आरंभ झाला. २००२ मध्ये टॉरचे जाळे प्रत्यक्ष चालू झाले आणि २००६ मध्ये त्याची देखभाल करणारी ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जाळ्यातील केंद्रे, म्हणजेच रिले, जगभरचे स्वयंसेवक आपल्या खर्चाने चालवितात. वापरणाऱ्याची विनंती सामान्यतः तीन केंद्रांतून जाते. पहिल्या केंद्राला वापरणारा ठाऊक असतो, पण तो कोठे चालला आहे हे ठाऊक नसते. तिसऱ्याला गंतव्य संकेतस्थळ ठाऊक असते, पण वापरणारा नसतो. या तिसऱ्या केंद्राला एक्झिट नोड म्हणतात. आपण त्याला निर्गम-केंद्र म्हणू. संकेतस्थळाच्या दप्तरी जो आयपी पत्ता नोंदला जातो तो या निर्गम-केंद्राचा.

येथेच संकेतस्थळ चालविणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. एकाच पत्त्यावरून शेकडो अपरिचित माणसे येत असतात. त्यांतील एखाद्याने खोडसाळपणा केला, तर एरवी करतात तसा तो पत्ता अडविणे सोपे असते; पण त्याच पत्त्याआड उरलेली सर्व माणसेही असतात. शिवाय खोडसाळ मनुष्य काही मिनिटांत दुसऱ्या निर्गम-केंद्राने परत येऊ शकतो. म्हणून एकेक पत्ता अडविण्यात अर्थ उरत नाही. सर्व निर्गम-केंद्रे एकत्र ओळखून त्यांच्याविषयी एकच धोरण ठरवावे लागते, आणि त्यासाठी यादी हवी.

ही यादी गुप्तपणे गोळा करावी लागत नाही. ती टॉर प्रोजेक्ट स्वतःच प्रसिद्ध करतो. वाचकाला याचे नवल वाटेल, परंतु त्यामागे साधे कारण आहे. वापरणाऱ्याच्या संगणकाला मार्ग निवडावयाचा, तर सर्व केंद्रे त्याला माहीत असलीच पाहिजेत. जी माहिती प्रत्येक वापरणाऱ्याला द्यावी लागते ती संकेतस्थळांपासून लपवून ठेवणे शक्य नाही. ब्रिज नावाची काही केंद्रे उघड यादीत नसतात हे खरे, पण ती जाळ्यात शिरण्याची दारे आहेत, बाहेर पडण्याची नव्हेत. संकेतस्थळाला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

यादी तयार कशी होते ते पाहू. प्रत्येक केंद्र आपला पत्ता, आपली क्षमता आणि आपले निर्गम-धोरण यांचे निवेदन निर्देशिका सांभाळणाऱ्या संगणकांना देते. या संगणकांची संख्या दहाच्या आत आहे. ते दर तासाला आपापसांत मतदान करून एक सहमतिपत्र काढतात. निर्गम-धोरण म्हणजे ‘मी कोठल्या पत्त्यांकडे व कोठल्या पोर्टांकडे वाहतूक जाऊ देईन’ याची नियमावली. केवळ संकेतस्थळांकडे जाऊ देणाऱ्या केंद्राचे धोरण असे असू शकते:

```
accept *:80
accept *:443
reject *:*
```

बहुसंख्य केंद्रे मात्र बाहेरची कोणतीच वाहतूक सोडत नाहीत. ती आतल्या आत पाकिटे पुढे सरकवितात. यादी वापरणाऱ्यांकडून होणारी पहिली चूक येथे होते. सहमतिपत्रातील सगळेच पत्ते उचलून जो अडवितो, तो कोणाला अडवितो? घरच्या जोडणीवर मधले केंद्र चालविणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकाला. त्याच्या केंद्रातून कोणीही त्या संकेतस्थळावर येऊ शकत नव्हते. तो स्वतः, टॉरविना, आपल्याच पत्त्यावरून तेथे आला आणि दार बंद झाले. टॉरच्या वापरकर्त्यांपैकी मात्र एकही याने अडला नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. केंद्र आपला म्हणून जो पत्ता जाहीर करते, त्याहून निराळ्या पत्त्यावरून ते वाहतूक बाहेर सोडू शकते. यंत्रणेत तशी सोय आहे. अशा वेळी निवेदनातील पत्ता अडवून उपयोग होत नाही. म्हणून टॉर प्रोजेक्ट एक तपासनीस कार्यक्रम चालवितो. तो प्रत्येक निर्गम-केंद्रातून स्वतः बाहेर पडून पाहतो आणि पलीकडे कोणता पत्ता दिसला ते वेळेसह टिपतो. `check.torproject.org/exit-addresses` येथील यादीत प्रत्येक केंद्राच्या नोंदीत अशी एक ओळ आढळेल:

```
ExitAddress 192.0.2.45 2025-03-02 10:15:07
```

(हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातील आहे.) या ओळीचा अर्थ इतकाच की, त्या दिवशी त्या वेळी केंद्रातून बाहेर पडले असता हा पत्ता दिसला. ज्यांना तपशील नको, केवळ पत्ते हवेत, त्यांच्यासाठी `check.torproject.org/torbulkexitlist` येथे एका ओळीत एक पत्ता अशी सरळ यादी मिळते. यादी न उतरविता एकाच पत्त्याची चौकशी करावयाची असेल, तर पत्त्याचे चार भाग उलट क्रमाने लिहून नामसेवेला, म्हणजे डीएनएसला, प्रश्न विचारता येतो:

```
dig +short 45.2.0.192.dnsel.torproject.org
```

उत्तर `127.0.0.2` असे आले, तर तो पत्ता निर्गम-केंद्राचा आहे. काहीच आले नाही, तर तो नाही.

आता काळाचा हिशोब मांडू. समजा, एक संकेतस्थळ रोज पहाटे तीन वाजता यादी उतरवून घेते. सकाळी नऊ वाजता एक नवे निर्गम-केंद्र चालू झाले आणि दहाच्या सहमतिपत्रात आले. त्यानंतर तपासनीसाने त्याचा पत्ता टिपला. संकेतस्थळाला मात्र तो दुसऱ्या दिवशी पहाटे कळणार; तोवर सतरा तास त्या वाटेने कोणीही निर्वेध येईल. उलट बाजूही पाहा. पहाटे चार वाजता एक केंद्र बंद झाले आणि दुपारी त्याचा पत्ता सेवा पुरविणाऱ्या कंपनीने एका शाळेला दिला. ती शाळा विनाकारण अडली. यादी तासाला एकदा घेतली, तर दोन्ही चुका आकुंचन पावतात. नाहीशा मात्र होत नाहीत. वर्षापूर्वी एकदा उतरविलेली यादी तशीच ठेवणे हे यादी नसण्याहून वाईट, कारण ती खोडसाळांना अडवीत नाही आणि भलत्यांना अडविते.

यादी आपोआप घेताना आणखी एक दक्षता हवी. उतरविताना बिघाड झाला, तर हाती रिकामी फाइल किंवा चुकीच्या संदेशाचे पान येते. ते तसेच जुन्या यादीच्या जागी ठेवले, तर सारी बंदी गुपचूप उठते किंवा सर्व्हर नवे नियम वाचण्यास नकार देतो. म्हणून नव्या फाइलमधील प्रत्येक ओळ पत्ताच आहे ना आणि ओळींची संख्या कालच्या जवळपास आहे ना, हे पाहून मगच अदलाबदल करावी. व्यवस्था चालते की नाही, याची परीक्षाही सोपी आहे. टॉर ब्राउझरमधून `check.torproject.org` उघडावे, तेथे दिसणारा पत्ता टिपून घ्यावा आणि तो आपल्या यादीत आहे का ते पाहावे. असे चार-सहा वेळा नव्या मार्गाने केले की, यादी किती ताजी आहे ते कळते.

इतके झाल्यावर खरा प्रश्न उरतो: अडवावयाचे काय? विकिपीडियाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. टॉरमधून येणारी संपादने रोखण्याचा प्रयत्न तेथे २००५ पासून होत आला आहे. पुढे त्यासाठी ‘टॉरब्लॉक’ हा जोड-कार्यक्रम आला. मराठी विकिपीडियाही त्याच व्यवस्थेखाली आहे. टॉरमधून येणाऱ्याला लेख वाचता येतात, पण लेख बदलता येत नाही आणि नवे खातेही उघडता येत नाही. विश्वासास पात्र ठरलेल्या सदस्याला विनंतीवरून या बंदीतून सूट देता येते. म्हणजे तेथे पत्ता अडविलेला नसून एक विशिष्ट कृती अडविली आहे.

तरीही या बंदीची किंमत असतेच. चीनमध्ये एप्रिल २०१९ पासून सर्व भाषांतील विकिपीडिया बंद आहे. तेथील ज्या वाचकाला टॉरचाच आधार आहे, तो लेखातील चूक पाहू शकतो, पण सुधारू शकत नाही. सूट मागावी तर आधी खाते हवे, आणि खाते टॉरमधून उघडता येत नाही. अशी न झालेली संपादने कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाहीत. म्हणून बंदीचा लाभ डोळ्यांना दिसतो आणि हानी दिसत नाही.

ही हानी मोजण्याची संधी यादीच्या अपुरेपणानेच दिली. २००७ ते २०१८ या काळात टॉरमधून आलेली ११,३६३ संपादने बंदीतून निसटून गेली होती. काही अमेरिकी संशोधकांनी ती तपासली आणि आपले निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ही संपादने इतरांकडून परतविली जाण्याचे प्रमाण अधिक होते, हे त्यांनी नमूद केले आहे. परंतु एरवी त्यांची गुणवत्ता खाते नसलेल्या इतर संपादकांच्या आणि नवख्या सदस्यांच्या पहिल्या कामासारखीच आढळली. तेव्हा बंदी घालणाऱ्यांची भीती निराधार नव्हती, आणि अडलेली सारी माणसे खोडसाळ नव्हती, ही दोन्ही विधाने एकदमच खरी ठरतात.

यावरून यादी कशासाठी वापरावी हे ठरविता येते. ‘ही विनंती शेवटच्या टप्प्याला कोठून निघाली?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर यादी देते. ती विनंती कोणी केली आणि का केली, याविषयी ती मूक आहे. म्हणून वाचनाला मोकळीक ठेवावी. लिहिण्याला, नोंदणीला किंवा पैशाच्या व्यवहाराला जी जादा तपासणी हवी ती तेथेच ठेवावी. शक्य तर नव्याचे लिखाण थेट नाकारण्याऐवजी मान्यतेसाठी राखून ठेवावे. आणि ज्याला अडविले त्याला रिकामे पान दाखवू नये. कोणत्या कारणाने अडविले आणि दाद कोठे मागावी, हे त्याला त्याच्या भाषेत दोन ओळींत सांगावे. शिक्का पाहून पत्र परत करण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहेच. पण शिक्का म्हणजे पत्र लिहिणारा नव्हे, एवढे भान त्याने राखावे.