डॅशबोर्डवरचे आकडे शिळे का राहतात?

समजा, नाशिकच्या एका औषध वितरकाने विक्रीचा डॅशबोर्ड पॉवर बीआयमध्ये बनवून घेतला आहे. मूळ आकडे शेअरपॉइंटवरच्या एक्सेल फायलींत असतात. पॉवर बीआय रोज सकाळी 7 वाजता ते वाचून स्वतःकडची प्रत नवी करते. त्यासाठी हिशेबनिसाने सुरुवातीलाच आपल्या खात्याने लॉगिन करून दिलेले असते.

सोमवारी दुपारी हा हिशेबनीस आपला पासवर्ड बदलतो. त्याबरोबर पॉवर बीआयकडे साठवलेली परवानगी रद्द होते. मंगळवारी सकाळी ठरल्या वेळी रिफ्रेश सुरू होतो, पण शेअरपॉइंट दार उघडत नाही.

खरा धोका यापुढे आहे. डॅशबोर्ड कोरा पडत नाही. शेवटच्या यशस्वी रिफ्रेशचे, म्हणजे सोमवार सकाळचे आकडे तसेच दिसत राहतात. पाहणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. गुरुवारी त्याच आकड्यांवर मालाची ऑर्डर जाते आणि तीन दिवसांत संपलेले औषध त्यात राहूनच जाते. बिघाडाची ईमेल जाते ती डेटासेटच्या मालकाला. तो रजेवर असला, तर कोणालाच पत्ता लागत नाही.

निदान सोपे आहे. डेटासेटची `Refresh history` उघडली की मंगळवारचे अपयश दिसते आणि तपशिलात क्रेडेन्शियल चुकीचे असल्याचे लिहिलेले असते. इथे एक गोष्ट हमखास चकवते: हिशेबनिसाच्या संगणकावर, पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये, तीच फाईल बिनतक्रार रिफ्रेश होते. डेस्कटॉप स्वतःचे लॉगिन वेगळे ठेवतो आणि क्लाउड वेगळे. म्हणून एक चालले, याचा अर्थ दुसरेही चालेल असा नाही.

दुरुस्तीसाठी डेटासेटच्या मालकाने सेटिंग्जमध्ये `Data source credentials` खाली `Edit credentials` निवडून पुन्हा लॉगिन करावे आणि एकदा हाताने रिफ्रेश करून पाहावे. पण काम इथे संपत नाही. क्रेडेन्शियल बाद झाल्याचे कळताच पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करते. इतर कारणांनी सलग चार वेळा अपयश आले तरीही तेच होते. त्यामुळे वेळापत्रक चालू आहे का, हे पाहून नसेल तर ते पुन्हा सुरू करावे लागते. हे विसरले तर आज आकडे ताजे होतात आणि उद्यापासून पुन्हा तिथेच थांबतात.

हा प्रसंग टाळायचा तर लॉगिन एखाद्या कर्मचाऱ्याच्या नव्हे, या कामापुरत्या वेगळ्या खात्याचे ठेवा आणि त्याचा पासवर्ड बदलण्याची तारीख नोंदवून ठेवा. बिघाडाची ईमेल आणखी एकाला जाईल अशी सोय करा. आणि डॅशबोर्डवर आकडे कधी ताजे झाले ती तारीख-वेळ ठळक दाखवा. ऑर्डर देण्याआधी ती वाचा, मगच आकडे.