इंग्रजी शिकायचंय: क्लास, शिकवणी की स्वतःच?

नगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीत कामाला असलेल्या माणसाने फी विचारण्याआधी एक हिशोब करावा: आपल्याला बोलायला किती मिळणार? तासाभराच्या बॅचला पंचवीस जण असले आणि निम्मा वेळ सर बोलले, तर वाट्याला जेमतेम सव्वा मिनिट येतं. तेवढ्यात तोंड उघडत नाही. शब्द आणि वाक्यरचना तर घरीही होते; तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसं अशीच शिकली. पण पुस्तक चूक पकडत नाही. ‘तू का आला नाहीस?’ याचं ‘व्हाय यू डिडन्ट कम?’ होतं, कारण मराठीत प्रश्नातही शब्दांचा क्रम तोच राहतो. ‘व्हाय डिडन्ट यू कम?’ असं तिथल्या तिथे टोकणारं कुणीतरी लागतं.

म्हणून रोज अर्धा तास स्वतः आणि आठवड्यातून एकदा शिकवणी, हे मला पटतं. शिकवणी महाग पडते, हे खरं. दोघांनी मिळून लावली तर खर्च निम्मा होतो आणि सरावाला जोडीदारही मिळतो. ‘क्लास लावला की शिस्त लागते’ हेही खोटं नाही, पण शिफ्ट बदलली की बॅच बुडते. अक्षरओळखच कच्ची असेल, तर मात्र आधी दोन-तीन महिने छोट्या बॅचचा क्लासच बरा.