क्लायंटचं काम सोडताना

सीएच्या कार्यालयात महिन्याच्या 20 तारखेआधीचे दोन दिवस फोन थांबत नाहीत. जीएसटीचं काम बघणारी मुलगी क्लायंटला सांगते, ‘पुरवठादाराने बिल भरलेलं नाही, ते आपल्या 2बीमध्ये दिसत नाही, त्यामुळे त्याचं क्रेडिट या महिन्यात घेता येणार नाही.’ ती बरोबर सांगत असते. पलीकडून तिला शिवी ऐकावी लागते. असं एकदा झालं, तर सरांनी फोन करून समज द्यावी. पुन्हा झालं, तर लेखी कळवावं. त्यानंतरही थांबलं नाही, तर मोठी फी देणाऱ्या माणसालाही निरोप द्यावा, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते पत्र रागाच्या भरात लिहू नये.

पत्राची तारीख आधी ठरवावी लागते. 18 तारखेला काम सोडलं तर विवरणपत्र उशिरा जाऊन विलंब शुल्क आणि व्याज लागतं, आणि मग सगळी चर्चा शिव्यांवरून आपल्या हलगर्जीपणावर येते. नोव्हेंबरचा शेवट त्या मानाने सोयीचा असतो. लेखापरीक्षणाची आणि प्राप्तिकराची गर्दी एरवी तोवर ओसरलेली असते. अशा वेळचं एक पत्र असं असेल :

‘महोदय, आमच्या सहकाऱ्यांशी फोनवर झालेल्या बोलण्याबाबत आम्ही आपल्याला 4 ऑक्टोबरच्या पत्राने कळवलं होतं. त्यानंतरही तसेच प्रसंग घडल्याने 31 डिसेंबरनंतर आपलं काम पुढे चालू ठेवणं आम्हाला शक्य नाही. नोव्हेंबर महिन्याची जीएसटी विवरणपत्रं आणि जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र आम्ही मुदतीत भरू. डिसेंबर महिन्याची जीएसटी विवरणपत्रं आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र जानेवारीत भरायचं आहे. ते आपल्या नव्या सल्लागारांकडे सोपवावं. आपली कागदपत्रं व डिजिटल स्वाक्षरीचं टोकन यादीसह परत देऊ. यापुढे कामाबाबत कृपया फक्त माझ्याशी ईमेलवर संपर्क साधावा.’

कारण एकाच वाक्यात आटोपलं आहे. शिवी कोणती, कोणाला, किती वाजता, हे कार्यालयाच्या नोंदवहीत असावं. पत्रात ते आलं की प्रत्येक प्रसंगावर उलट उत्तर येतं आणि त्या मुलीचं नाव उगाच वादात ओढलं जातं. उलट कारण अजिबात न देता ‘कामाचा व्याप वाढला आहे’ असं लिहिलं, तर क्लायंट फी वाढवून देतो म्हणतो, जुन्या ओळखीची आठवण करून देतो, आणि मग नाही म्हणायला आपल्याकडे शब्द उरत नाहीत.

शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. निरोप दिल्यानंतरच्या महिनाभरात असा माणूस जास्तच चिडतो, आणि त्याचा फोन सवयीने त्याच टेबलावर जातो. त्या दिवसापासून त्याच्याशी फक्त सरांनीच बोलायचं, हे कार्यालयात सगळ्यांना स्पष्ट सांगितलेलं असावं.

कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षक असाल, तर नुसतं पत्र पुरत नाही. कंपनी कायदा 2013च्या कलम 140 नुसार राजीनाम्यापासून 30 दिवसांत एडीटी-3 फॉर्म भरावा लागतो आणि त्यात राजीनाम्याचं कारण नमूद करावं लागतं. तिथेही एवढंच, मोजकं आणि खरं कारण द्यावं. त्रासाला लैंगिक स्वरूप असेल, तर प्रकरण निराळं. बाहेरून संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही कामाच्या जागी सुरक्षित वातावरण देणं हे 2013च्या कायद्याने मालकाचं कर्तव्य आहे. तिथे तक्रारीची वाट त्या मुलीसाठी मोकळी ठेवावी लागते. क्लायंट सोडला म्हणजे ती जबाबदारी संपत नाही.

नवे सीए लेखापरीक्षणाचं काम स्वीकारण्याआधी जुन्यांना लेखी विचारतात. त्या पत्राला उत्तर देताना बाकी असलेली फी आणि कामाविषयीची काही हरकत असेल तर ती कळवावी. क्लायंटच्या स्वभावाची वर्णनं आणि त्याच्या हिशेबातल्या गोष्टी त्यात आणू नयेत. गोपनीयतेचं बंधन काम सुटल्यावरही राहतं.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. बऱ्याच छोट्या व्यापाऱ्यांच्या जीएसटी आणि प्राप्तिकर खात्यांना मोबाइल नंबर आणि ईमेल सीएच्या कार्यालयाचेच जोडलेले असतात, कधी तर थेट त्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा नंबर. 31 डिसेंबरआधी ते बदलून घ्यावेत, पासवर्ड क्लायंटच्या हाती द्यावेत आणि कागदपत्रांच्या यादीवर त्याची सही घ्यावी. नंबर तसाच राहिला, तर जानेवारीत ओटीपी तिच्याच फोनवर येणार, आणि तो मागायला पहिला फोन तिलाच जाणार.