कडेला कापलेली पाटी

समजा, जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्राचा फोटो काढताना कडेला एक हिंदी पाटी अर्धीच आली. तिच्यावर दिसते एवढेच: ‘यंत्रों पर चढ़ना म’. पुढचे फोटोबाहेर गेले.

आधी शिरोरेषा पाहावी. ती ‘म’च्या पुढे थेट फोटोच्या कडेपर्यंत गेली असेल, तर शब्द अपुरा आहे. हिंदीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटाकडे येतो, त्यामुळे उजवी कड कापली की नेमका तोच हरवतो. पाटीच्या मराठी अनुवादात ‘यंत्रांवर चढणे’ एवढेच लिहिले तर मनाई नाहीशी होते. ‘चढण्यास मनाई आहे’ लिहिले तर न दिसलेले आपण पदरचे घातले.

म्हणून असे लिहावे: ‘यंत्रांवर चढणे म… [उजवीकडचा मजकूर कापला आहे; बहुधा ‘मना है’, म्हणजे मनाई आहे]’. दिसलेले कंसाबाहेर, अंदाज कंसात.

आकड्यांबाबत मात्र अंदाजही नको. ‘शुल्क ₹ 5’ नंतर कड आली, तर तो आकडा 5, 50 किंवा 500ही असू शकतो. तिथे ‘5… [पुढचे अंक असल्यास दिसत नाहीत]’ एवढेच लिहावे.