एकदाच बोला, पण बोला

आमच्या वॉर्डातील एका सिस्टरची शाळेपासूनची मैत्रीण आता शिक्षिका आहे. दोघी दर महिन्याला भिशीला भेटायच्या. लग्नानंतर मैत्रीण हळूहळू येईनाशी झाली. फोन केला की तो स्पीकरवर असायचा. पगार तिचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. एकदा ती अर्धा तास जास्त थांबली, तर अकरा मिस्ड कॉल आले. सिस्टरना राहवले नाही. ‘‘तुझा नवरा विकृत आहे. त्याला सोड, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस,’’ असे त्यांनी सुनावले. मैत्रिणीने बोलणेच बंद केले.

‘‘मॅडम, मी खोटं बोलले का?’’ त्यांनी मला विचारले. काळजी खरीच होती, चुकले ते शब्द. आपला निर्णय कुणी हिरावून घेत आहे असे वाटले की माणूस तोच निर्णय अधिक घट्ट धरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये हा सिद्धान्त मांडला. शिवाय नवऱ्याला नावे ठेवली की ती तिच्या निवडीलाही ठेवल्यासारखी होतात. मग तिला त्याची वकिली करावी लागते. आणि ‘तुझ्या मैत्रिणी आपलं घर मोडायला बसल्यात’ असे तो घरी सांगत असेल, तर आपली अट त्याचेच म्हणणे खरे ठरवते. हुकमत गाजवणारा जोडीदार आधी माणसे तोडतो. इथे ते काम आपणच करून देतो.

सिस्टरनी पुन्हा बोलायचे ठरवले, तेव्हा आम्ही बसून तयारी केली. घरी नाही, फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. तिचा मोबाइल तो पाहत असेल तर आपला मेसेज तिच्यावरच उलटतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत, दोघीच असताना बोलायचे. आधी माफी, मग परवानगी: ‘‘त्या दिवशी मी फार बोलले, चुकलं माझं. एक गोष्ट मनात आहे, सांगू का?’’ नंतर फक्त डोळ्यांनी पाहिलेले सांगायचे: ‘‘तू भिशीला येत नाहीस. त्या दिवशी अकरा फोन आले, तेव्हा तुझा हात थरथरत होता. मला काळजी वाटली. तुला कसं वाटतं?’’ विकृत, संशयी, नालायक असे एकही विशेषण नाही. शेवटी: ‘‘तू काहीही ठरव, मी तुझीच आहे. रात्री-अपरात्रीही फोन कर.’’

मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, तो काळजीपोटी करतो.’’ इथेच वाद घालायचा मोह होतो. सिस्टर फक्त ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि डबा उघडला.

त्यानंतर तो विषय आपणहून काढायचा नाही. दर भेटीत तेच ऐकावे लागले, तर ती उत्तरे तयार ठेवून येते, किंवा घरातले लपवू लागते. एकदा नीट सांगितलेले मात्र तिच्या मनात राहते. संबंध चालू ठेवायचे, पण लोणच्याच्या, मुलांच्या, बदलीच्या गप्पांवर. तिने स्वतः विषय काढला, तर ऐकायचे. तिच्या नवऱ्याला जाब विचारायला मात्र जाऊ नये. त्याचा राग आपल्यावर नाही, घरी तिच्यावर निघतो.

‘एकदाच’ हा नियम जिवाला धोका असेल तिथे लागू नाही. मारहाण, ठार मारण्याची धमकी, गळा दाबणे किंवा तिच्या तोंडून आत्महत्येची भाषा ऐकली, तर गप्प बसू नये. गळा दाबल्याची खूण बाहेर दिसेलच असे नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत लाल ठिपके दिसणे, एवढेच कधी कधी हाती लागते. मानेतील रक्तवाहिनीला झालेल्या इजेचा त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही सुरू होतो. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणाली तरी तिला रुग्णालयात आणावे आणि काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्याची नोंद केसपेपरवर होते. पुढे तोच पुरावा ठरतो. तातडीच्या वेळी ११२, तर सल्ल्यासाठी आणि आसऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते.

चार महिन्यांनी सिस्टरना शाळेच्या फोनवरून फोन आला. ‘‘बँकेत स्वतःच्या नावावर वेगळं खातं काढायला काय काय कागद लागतात गं?’’ का, कशाला, हे सिस्टरनी विचारले नाही. ‘‘आधार, पॅन आणि दोन फोटो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘शनिवारी मला सुट्टी आहे. सोबत येऊ?’’